उडालेले फोटो आणि एकतीस थेंब

परीक्षेला नऊ दिवस उरले असताना सिस्टरने पहिल्यांदा ते फोटो उघडायला घेतले, आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली.

आठ वर्षं ती मेडिसिन वॉर्डात कंत्राटावर होती. दर अकरा महिन्यांनी नवी ऑर्डर, नवी सही, पुन्हा तीच धाकधूक. कायम जागांची परीक्षा आता होती आणि वयाच्या अटीत तिला ही शेवटचीच संधी होती. थोरल्या सिस्टरने अभ्यासाच्या ग्रुपवर जुन्या प्रश्नांचे अठरा फोटो टाकले होते. आता रात्रपाळीत वॉर्डातले दोनचे डोस देऊन झाल्यावर टेबलाशी बसून तिने पहिल्या धूसर चित्रावर बोट टेकवलं. चक्र फिरलं आणि पाटी आली: फोटो उपलब्ध नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा. अठराही फोटोंची तीच रड.

घोटाळा साधा होता. फोन सतत भरतो म्हणून नवऱ्याने आपोआप डाउनलोड बंद करून ठेवलं होतं. धूसर चित्र दिसतंय म्हणजे फोटो आपल्याकडे आहे, असं ती समजून चालली होती. फोनमध्ये होती ती फक्त फोटोची सावली. खरा फोटो ॲपच्या कंपनीच्या सर्व्हरवर होता; महिनाभरात उतरवून घेतला नाही, तर तिथून तो जातो. फोटो येऊन दोन महिने झाले होते.

"अहो, तुमच्या त्या सेटिंगने माझं वाटोळं केलं," ती सकाळी घरी येऊन म्हणाली.

"अगं, मग परत मागव ना," नवरा म्हणाला. चूक कबूल करायची त्याची हीच पद्धत होती.

थोरल्या सिस्टरचा फोन मध्यंतरी बादलीत पडला होता आणि नव्या फोनमध्ये फोटो आलेच नव्हते. बाकीच्यांनी जागा करायला ते केव्हाच उडवले होते. राहिली ती सर्जरी वॉर्डातली चष्मेवाली सिस्टर. ती गोड आवाजात म्हणाली, "माझेही डिलीट झाले गं. पुढच्या वेळी दे परीक्षा."

पुढची वेळ नाही, हे चष्मेवालीला पक्कं माहीत होतं. त्याच संध्याकाळी तिने ग्रुपवर कुणाला तरी लिहिलं, "सहाव्या फोटोतला अकरावा प्रश्न मी आत्ताच परत वाचला, मेख शेवटच्या ओळीत आहे." डिलीट झालेल्या फोटोतली शेवटची ओळ! सिस्टरच्या अंगाचा तिळपापड झाला. हिच्या दारात जाऊन हात पसरायचे नाहीत, एवढं तिने तिथल्या तिथे ठरवलं.

रागाच्या भरात ग्रुप वर सरकवता सरकवता तिच्या ध्यानात आलं, की फोटो गेलेत पण भांडणं जागच्या जागी आहेत. लिहिलेले मेसेज कुठेही गेले नव्हते. प्रत्येक फोटोखाली बायका उत्तरावरून हमरीतुमरीवर आल्या होत्या. "पोटॅशियम थेट शिरेत कधीच ढकलायचं नाही, सलाइनमध्ये पातळ करूनच." "मॅग्नेशियम जास्त झालं तर कॅल्शियम ग्लुकोनेट." "थेंब मिनिटाला ३१."

तिने वही काढली आणि उत्तरावरून उलटं प्रश्नाकडे जायला लागली. एकतीस थेंब कशाचे? एका मिलीला पंधरा थेंब सोडणारा सलाइनचा सेट धरला, तर हजार मिली आठ तासांत. पाचशे मिली चार तासांत दिलं तरी एकतीसच. मूळ प्रश्न कोणता, कळायला मार्ग नव्हता. मग तिने दोन्ही सोडवले, वर वीस थेंबांच्या सेटचाही सोडवला. आठ रात्री हेच चाललं. बेल वाजली की वही मिटायची, रुग्णाकडे जाऊन यायचं, पुन्हा उघडायची. ग्रुपची तीन उत्तरं तर चक्क चूक निघाली, तेव्हा तिला भारी आनंद झाला.

परीक्षा सुटल्यावर फाटकाशी चष्मेवाली भेटली. "सलाइनचं एकतीसच ना? हजार मिली, आठ तास. फोटोत तस्संच होतं."

"कुठल्या फोटोत? तुझे डिलीट झाले होते ना?"

चष्मेवालीने रुमाल काढून चष्मा पुसायला घेतला.

"आणि आज सेट वीसचा दिला होता," सिस्टर म्हणाली. "बेचाळीस येतात. पर्यायात एकतीस मुद्दाम ठेवलं होतं, पाठ करून येणाऱ्यांसाठी."

महिन्याने यादी लागली. सिस्टरचं नाव अकरावं होतं. चष्मेवालीचं नव्हतं, पण वयाची अट गाठायला तिला अजून दोन वर्षं होती. रात्री तिचा मेसेज आला: तू रात्रपाळीत वहीत सगळं सोडवलंस असं ऐकलं, त्या वहीचे फोटो टाकशील का?

सिस्टरला नाही म्हणायची फार इच्छा झाली, आणि तसा हक्कही होता. मग तिने लिहिलं, "फोटो मिळणार नाहीत. उद्या ड्यूटी सुटल्यावर वॉर्डात ये, पेन घेऊन. एकेक गणित तुझ्याकडून सोडवून घेणार आहे. आणि येताना माझ्याशी खोटं का बोललीस, तेही ठरवून ये."