दहा सेंटीमीटरचा जोड

चेन्नईतल्या नुंगंबाक्कमच्या आमच्या ऑफिसात बांधकामाची तपशीलपत्रं लिहायचं काम माझ्याकडे होतं, आणि मला त्याची चांगलीच घमेंड होती. अण्णा नगरच्या एका इमारतीच्या तळघरासाठी मी झोकात लिहिलं होतं: 'जलरोधनाचं काम उत्तम प्रतीचं व समाधानकारक असावं.'

आमचे साइट सुपरवायझर काका तंजावरकडचे मराठी. ते मराठी बोलायचे ते तमिळच्या चालीत. त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला.

"मॅडम, ह्यांत मी काय मोजूं?"

मी चिडले. "काका, एवढी वर्षं कामं केलीत, उत्तम म्हणजे काय कळत नाही?"

"कळतं. कंत्राटदाराला कळत नाहीं. मागल्या तळघरांत असंच लिहिलेलं. तो म्हणाला, माझं समाधान झालं. पाणी आलं, मेमो मला आला. आणखी एक आला कीं घरीं."

माझा चेहरा पडला. ते मागचं कलमही मीच लिहिलेलं होतं हो! माझ्या गुळगुळीत वाक्याचा मेमो त्यांनी खाल्ला होता.

मग दोघांनी बसून सगळं नव्यानं लिहिलं. पाणी अडवणाऱ्या डांबरी पडद्याच्या दोन पट्ट्या कडेला एकमेकींवर किमान दहा सेंटीमीटर चढाव्यात. दर दहा मीटरला स्टीलच्या टेपनं मोजून नोंद करावी. थापीचं टोक जोडावर फिरवावं. आत शिरलं, तर जोड नापास. कमी भरलेल्या जोडावर नवी पट्टी वितळवून चिकटवावी. आणि या नोंदीवर सुपरवायझरची सही झाल्याशिवाय वर काँक्रीट टाकू नये. शेवटचं वाक्य काकांचं. मी त्यात काना-मात्राही बदलला नाही.

पुढच्या महिन्यात साइटवर काँक्रीटची गाडी येऊन उभी आणि कंत्राटदाराचा इंजिनियर घाई करतोय, "सार, नुसतं बघून सही करा ना!" काका उकिडवे बसले, टेप लावली. सहा सेंटीमीटर. थापीही आत गेली.

"काम छान दिसतंय की!" तो म्हणाला.

"छान मला मोजतां येत नाहीं," काका म्हणाले आणि कलमावर बोट ठेवलं. त्याचीच सही खाली होती. तो ओरडला, फोन फिरवले, माझ्याशीही भांडला. मी म्हटलं, "वाचा ना, तुमच्याच करारात आहे." गाडी परत गेली. खरं सांगते, मला भारी आनंद झाला.

नवी पट्टी लावून जोड पास झाला, मगच काँक्रीट पडलं. इमारतीचं वजन पुरेसं चढल्यावर, तोवर खड्ड्यातलं पाणी उपसणारे पंप बंद केले. जमिनीतलं पाणी बाहेरून तळघराच्या भिंतींपर्यंत चढलं. सात दिवस आम्ही तळघराच्या भिंतींना आणि जमिनीला वर्तमानपत्राचे कागद लावून पाहिले. एकही ओला झाला नाही.

सातव्या दिवशी काकांनी सगळे कागद काढून नीट घडी घातली. मी विचारलं, "रद्दी कशाला नेताय?"

"बायकोला दाखवायला," ते म्हणाले. "मागल्या वेळीं तिला मेमो दाखवलेला."