साताऱ्याचा सर्व्हर बोलेना

सांगलीच्या त्या छोट्या इंटरनेट कंपनीत मला मशीनवाली बाई म्हणत. नव्याण्णव साल होतं, मी पंचविशीची होते आणि आपल्याला सगळं येतं असा माझा ठाम समज होता. आमची शाखा साताऱ्याला होती. ती सांभाळणारे काका सैन्यातल्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेले, मूळचे कुंडलचे. तीन महिन्यांच्या बोलीवर लागले होते आणि मुदत त्याच आठवड्यात संपत होती.

सकाळी अकरा वाजता साताऱ्याहून मालकांचा फोन आला. ते तिथंच काकांच्या टेबलापाशी उभे होते. "इथल्या एकाही गिऱ्हाइकाची मेल जात नाही. तुमच्या हवालदारानं इंटरनेटवरचं आपलं नावच पुसून टाकलंय. मी त्यांच्याकडून आत्ता किल्ल्या घेतो."

सांगलीत सगळं ठणठणीत चालू होतं, त्यामुळे मलाही तसंच वाटलं. वर रागही आला, की या माणसाला कशाला हात लावायला सांगितलं होतं! मी म्हटलं, "फोन काकांकडे द्या."

"आवं ताई, बाहेरची सगळी नावं लागत्यात. आपलंच तेवढं लागत न्हाई."

"स्क्रीनवर काय आलंय? अक्षर न् अक्षर वाचा."

"सर्व्हर फेल्ड."

मी खुर्चीत सरळ बसले. नाव पुसलं असतं तर मशीनने 'नॉन-एक्झिस्टंट' म्हटलं असतं, म्हणजे नाव-पत्त्यांची वही उघडून बघितली, असं नाव तिच्यात नाही. तशी शंका नको म्हणून मी त्यांना सांगलीच्या सर्व्हरला आमच्या डोमेनमधलं, म्हणजे कंपनीच्या नावाखालचं, एक खोटंच नाव विचारायला लावलं. लगेच 'नॉन-एक्झिस्टंट' आलं. मग मेलच्या मशीनचं खरं नाव विचारलं, तर बरोबर पत्ता आला. म्हणजे सांगलीची मूळ वही शाबूत होती. 'सर्व्हर फेल्ड'चा अर्थ वेगळा. नाव आहे की नाही हे साताऱ्याचं मशीन सांगतच नव्हतं. उत्तर देणं त्याचं काम होतं, पण ते त्याला जमत नव्हतं. त्याच्याकडे आमच्या वहीची नक्कल असायची. ती ठरावीक वेळाने सांगलीशी ताडून घ्यावी लागे, आणि आठवडाभर ताडता आली नाही तर मशीन ती बाद धरी.

"काका, सांगलीकडून वहीतली सगळी यादी मागून बघा."

कळांचा खडखडाट ऐकू आला.

"क्वेरी रिफ्यूज्ड," ते म्हणाले. मग जरा थांबून पुन्हा एकदा तेच शब्द सावकाश वाचले.

रिफ्यूज्ड! म्हणजे मशीन जिवंत आहे, लाइन चालू आहे, मागणं ऐकूही आलंय. फक्त 'तुला देणार नाही' असं कुणीतरी ठरवून ठेवलंय. ते ठरवणारी मीच होते. आठवड्यापूर्वी मी मोठ्या ऐटीत कुलूप घातलं होतं, की यादी फक्त ठरलेल्या मशीनांनाच मिळावी. त्या ठरलेल्यांत साताऱ्याच्या मशीनचा क्रमांक टाकायलाच विसरले होते. नक्कल जुन्या पुण्याईवर आठवडाभर तगली आणि आज बाद झाली.

मी क्रमांक घातला, सांगलीची यंत्रणा नवी फाईल वाचायला लावली आणि काकांना त्यांच्याकडची पुन्हा चालू करायला सांगितली. दोन मिनिटांत नाव लागलं. मागून मालकांचा आवाज आला, "बघा, यांनी बंद करून चालू केलं की झालं. म्हणजे बिघाड यांचाच!"

मला गप्प बसता आलं असतं. त्यांना काही कळलं नसतं. खोटं कशाला बोलू, मी त्या क्षणी गप्प बसलेही. मालकांच्या शिव्या, सांगलीतली माणसं हसतील, हे सगळं डोळ्यांपुढे आलं. तेवढ्यात फोनवर किल्ल्यांचा आवाज आला. काका त्या खिशातून काढत होते. एका शब्दानंही ते भांडत नव्हते, आणि तेच मला सहन होईना.

"साहेबांना फोन द्या," मी म्हटलं. मग मालकांना सगळं सांगून टाकलं. चूक सांगलीची आहे, माझ्या हातची आहे, काकांनी साताऱ्यात काहीही बदललेलं नाही. मालक मनसोक्त ओरडले. मी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "किल्ल्या राहू द्या त्यांच्याकडे," आणि बाहेर गेले.

फोन पुन्हा काकांकडे आला. मी म्हटलं, "काका, चुकले मी."

"ठावं हाय, ताई. रिफ्यूज्ड वाचलं तवाच कळलं. आमच्याकडनं मागनं बरोबर गेलंतं, नकार तुमच्याकडनं आला."

"मग साहेबांना का सांगितलं नाहीत?"

"तुमची बी नोकरी हाय की. म्हटलं, तुमीच बोलाल."

"आणि मी बोलले नसते तर?"

"तर कुंडलला गेलो असतो," ते अगदी सहज म्हणाले.

त्या दिवशी मी डबा उघडला नाही.