वाढत नाही असा आकडा

नारायणगडाच्या पायथ्याला विमलबाईंच्या शेतात दोन खोल्या आहेत. गडावर येणारी माणसं मुक्कामाला राहतात. नवरा नाथा मोठा कळप घेऊन दूर चराईला गेलेला असतो, थोडकी मेंढरं विमलबाईंकडे असतात. त्यामुळे पाहुणे यायचे तेव्हा बाई डोंगरात, आणि किल्ली बाईंच्या कमरेला. तासतासभर लोक ओट्यावर बसून राहायचे.

म्हणून बीडहून मैनुद्दीनचाचांना बोलावलं. चाळीस वर्षं किल्ल्या घासलेला माणूस. बाई म्हणाल्या, "दाराजवळ आकड्याची पेटी लावा, तिच्यात चावी ठिवू. पाहुणा गेला की पेटीचा आकडा बदलू."

"आकडा बदलशाल वैनी, चावी कुठं बदलती?" चाचा हसले. "पाहुण्यानं ती माज्याकडं आणली तर पाच मिनिटांत दुसरी करून देतो मी. दाराला आकड्याचं कुलूप घ्या. नेट लागत न्हाई, सेलवर चालतं. पाहुणा गेला की त्याचा आकडा पुसायचा, नव्याचा घालायचा."

त्यांनी दोन्ही दारांना तशी कुलपं बसवली. पाहुण्याच्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे हाच त्याचा आकडा. झाडू मारता मारता जुना पुसायचा, नवा घालायचा, हे बाई दोन दिवसांत शिकल्या. पण पहिल्यांदा कधी न पाहिलेला माणूस आपण डोंगरात असताना आपलं दार उघडून आत गेला आणि तसं फोनवर म्हणाला, तेव्हा त्यांनी त्याला दोनदा विचारून खात्री केली. एवढ्या चार आकड्यांत आपलं अख्खं घर मावलं, याचं त्यांना अप्रूपच वाटलं.

चाचांनी आणखी एक शक्कल काढली. दोन्ही कुलपांच्या लोखंडी किल्ल्या एका पेटीत घालून ती गोठ्याच्या भिंतीत बोल्टांनी घट्ट बसवली.

"आकड्याचं कुलूप हाय, मग चावी कावून?" बाई तणतणल्या.

"सेल संपंल, काही बिघडंल. ह्या पेटीला सेल न्हाई. हिचा आकडा एकट्या तुमच्या डोक्यात ठिवा. कुणाला सांगावा लागला, तर त्याच दिवशी बदला."

आकडा लक्षात राहायला हवा. बाईंनी समोरच्या मेंढरांवर नजर टाकली. सात काळ्या, चार पांढऱ्या, एक लंगडी, चार कोकरं. त्यांनी स्वतःच्या हाताने तो आकडा लावला आणि मनाशी म्हणाल्या, आता हा काय जन्मात विसरत नाही.

दसऱ्याला उमापूरची बबिता वडिलांना, तात्याबांना, घेऊन उतरली होती. सकाळी दोघं गडावर गेली. बाईंनी कोयता, विळा, खुरपं पुजलं. घर राखणारं हत्यार म्हणून कुलपांनाही भरपूर हळदकुंकू लावलं आणि मेंढरं सोडली.

दुपारी मोबाइल वाजला.

"मावशी, कुलूप आकडेच घेत न्हाई. कुंकू वाळलंय. वल्या पदरानं पुसलं, तर भलतेच आकडे लागले. आता लाल दिवा लागून बंद पडलंय. तात्यांना दम लागलाय, त्यांचा दम्याचा पंप आत ऱ्हायलाय."

बाई डोंगरात, घर दोन कोसांवर. आपण पळत जाईपर्यंत म्हाताऱ्याचं काय होईल? फोनमधून तात्याबांच्या छातीची घरघर ऐकू येत होती.

"गोठ्याच्या भिंतीला पेटी हाय, तिथं जा," त्या म्हणाल्या आणि सवयीने समोरची मेंढरं मोजली. "सात. चार. एक. सहा."

"उघडत न्हाई, मावशी."

बाईंनी परत मोजलं. सहाच. सहा कोकरं स्पष्ट दिसत होती. मग त्यातली दोन, पाय अजून नीट न टेकणारी, आईला लुचताना दिसली. परवाच तर जन्मली होती.

"शेवटाला चार लाव, पोरी. सात, चार, एक, चार."

खट्ट असा आवाज झाला. मग धावणारी पावलं, दार ढकलल्याचा आवाज, आणि बराच वेळ नुसती घरघर. बाई मोबाइल कानाला दाबून उभ्या राहिल्या. शेवटी घरघर हळूहळू उतरली आणि तात्याबांचा थकलेला आवाज आला, "पाणी दे गं."

बाई तिथेच मातीत बसून रडल्या. दोन कोसांवरून, नुसत्या तोंडाने, त्यांनी एका माणसाचा श्वास मोकळा केला होता.

घरी येऊन त्यांनी आधी तात्याबांच्या पाठीवरून हात फिरवला, मग कुलपं कोरड्या फडक्याने स्वच्छ केली. चाचांना फोन लावला. सगळं ऐकून चाचा म्हणाले, "पेटीचा आकडा आता बदला. आन वैनी, वाढत न्हाई आन मरत न्हाई असा घ्या."

असा आकडा कुठून आणायचा? वय वाढतं, मेंढरं वाढतात, घरातली माणसं कमी होतात. मग बाईंनी मोबाइलमध्ये बबिताचा फोन किती वाजता आला होता ते पाहिलं, पेटीपाशी गेल्या आणि तीच वेळ लावली. कुंकू लावायला हात पुढे झाला होता. तो त्यांनी मागे घेतला आणि पेटीला लांबूनच हात जोडले.