पाचवं तपेलं

कारैकुडीच्या मुनीश्वरन कोविल रस्त्यावर जुन्या भांड्यांची दुकानं ओळीने आहेत, आणि त्यातल्या प्रत्येक दुकानदाराला वाटतं की भांड्यांतलं आपल्यालाच कळतं. खरं कळायचं ते करुप्पायीला. ती चेल्लैयाच्या दुकानात मागच्या पडवीत बसायची, दिवसाला साठ रुपयांवर. आलेला माल निवडायचा, जुनं एका बाजूला, मोडीचं दुसऱ्या बाजूला, आणि मोडीचं हातोड्याने चेपून पोत्यात भरायचं, एवढं तिचं काम. चेल्लैया गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना जे काही ऐकवायचा, ते सगळं तिच्याकडून उचललेलं असायचं.

भांडं हातात घेतलं की ती आधी त्याच्या पोटात हात घालायची. यंत्रावर फिरवून काढलेल्या भांड्याला आतून बारीक गोल रेघा असतात, बोटाला लागतात. हाताने ठोकलेल्याला घाव लागतात, तेही एकसारखे नसतात. मग अंगाचा जोड शोधायचा. जुन्या कारागिराने पत्र्याला दात कापून एकमेकांत अडकवून झाळलेलं असतं, आणि कितीही घासलं तरी ती दातेरी रेघ उजेडात दिसतेच. शेवटी अक्षरं. चेट्टियार सावकारांच्या घरात लेकीला दिलेल्या प्रत्येक भांड्यावर माहेरची अक्षरं टिंबा-टिंबांनी ठोकलेली असतात. टिंबाच्या खड्ड्यातलं पितळ बाहेरच्याइतकंच काळवंडलेलं असलं तर अक्षर जुनं. खड्डा आतून चकाकला तर कुणीतरी गेल्या महिन्यात बसून ठोकलंय.

"आणि हे गुलाबी गुलाबी दिसतंय ते काय गं?" चेल्लैयाने एकदा विचारलं होतं.

"कुण्या शहाण्याने ॲसिडने धुतलंय. पितळेतलं जस्त खाल्लं गेलं, वर तांबं उरलं. जुनं आहे, पण आता अर्ध्या भावाचं."

हे ज्ञान तिला कुणी शिकवलं नव्हतं. दुकानात यायच्या आधी, उमैयाळ आची या चेट्टियार मालकिणीच्या घरात तिने अडतीस वर्षं भांडी घासली होती. आचींच्या लग्नात, म्हणजे एकोणीसशे अडतीस साली, माहेराहून भांड्यांच्या सात गाड्या आल्या होत्या. त्यातली निम्मी कधी चुलीवर चढलीच नाहीत. वर्षातून दोनदा कोठीतून काढायची, चिंच लावून घासायची, पुसून परत ठेवायची. कुठलं रंगूनहून आलं, कुठलं कुंभकोणमच्या कारागिराचं, हे आची बसल्या जागेवरून सांगायच्या आणि करुप्पायीचे हात ते लक्षात ठेवायचे.

आची गेल्या. मुलगा सोलैयप्पन चेन्नईहून आला, दिवस उरकले, आणि महिन्याभरात त्याने कोठीतली भांडी चेल्लैयाला विकली. कागदावर लिहिलं, 'घराची अक्षरं असलेली सर्व भांडी'. मोजत बसायला त्याला वेळ नव्हता.

माल उचलायला चेल्लैया करुप्पायीला घेऊन गेला. कोठीच्या जमिनीवर सगळं मांडलं होतं. चेल्लैयाने एकात एक बसणारी चार तपेली उचलली आणि खूश झाला. "चारचा संच. एकालाही पोचा नाही. बंगळूरच्या हॉटेलवाल्याला हेच हवंय."

तिथे करुप्पायीने गप्प बसायला हवं होतं. पण आयुष्यात ज्या एका गोष्टीतलं तिला कळत होतं, त्या गोष्टीत हा माणूस तिच्यादेखत चुकत होता, आणि तेवढा मोह तिला आवरला नाही.

"चारचा कसा? पाचचा आहे. सगळ्यांत आतलं, धाकटं, यात नाही."

"मग कुठाय?"

"माझ्याकडे. लेक झाली तेव्हा आचींनी दिलं. पोरीला न्हाऊ घालायला."

चेल्लैयाने तपेली हळूच खाली ठेवली. संच अपुरा असला तर चार सुट्या भांड्यांचा भाव, पुरा असला तर दुप्पट. हे त्याला करुप्पायीनेच कधीतरी समजावलं होतं.

संध्याकाळच्या आत तो सोलैयप्पनला घेऊन तिच्या झोपडीच्या दारात उभा होता. तपेलं चुलीजवळ होतं, पाण्याने भरलेलं. त्यात न्हाऊन वाढलेली लेक सहाव्या वर्षी तापाने गेली, त्याला तीस वर्षं झाली होती. त्यानंतर करुप्पायी त्यात रोज स्वतःच्या अंघोळीचं पाणी तापवत होती. लेकीची दुसरी कुठली आठवण तिच्याकडे नव्हती. फोटो काढण्याइतकी ऐपतीची ती माणसं नव्हती.

"धाकले अय्या," ती सोलैयप्पनला म्हणाली, "तुमच्या आईने दिलंय हो. तुम्ही तेव्हा कॉलेजात होतात."

"असेल दिलं." तो वाईट माणूस नव्हता, नुसता घाईत होता. "पण लिहून दिलंय का? अक्षरं आमची आहेत, करुप्पायी."

"तुमची नाहीत. आचींच्या माहेरची आहेत. त्यांचं स्त्रीधन होतं, त्यांनी कुणालाही द्यावं."

हे अगदी खरं होतं, आणि म्हणूनच सोलैयप्पनला झोंबलं. आपल्या घरचा रिवाज भांडी घासणाऱ्या बाईने शिकवावा हे कुणाला आवडेल? त्याचा आवाज थंड झाला.

"मी कागद करून दिलाय. अक्षरं असलेली सगळी भांडी यांची. आता यांनी पोलिसांत सांगितलं की एक भांडं मोलकरणीच्या घरी सापडलं, तर मी काय म्हणू?"

"म्हणा ना, आईने दिलं म्हणून."

"मला माहीत नसलेलं कसं म्हणू?"

शेजारणी दारात जमल्या होत्या. मोलकरीण, भांडं, पोलीस, एवढे तीन शब्द त्यांना पुरले. अडतीस वर्षं त्या घरातला चमचासुद्धा इकडचा तिकडे न केलेली करुप्पायी उठली, तपेल्यातलं पाणी दारातल्या कढीपत्त्याला घातलं आणि ओलं तपेलं चेल्लैयाच्या हातात दिलं. सोलैयप्पनने तिला शंभराची नोट दिली. तिने ती घेतली, कारण न घेण्याचं धाडस दाखवायलाही घरात थोडे तांदूळ असावे लागतात.

दुकानात चेल्लैयाने तपेलं उलटं केलं आणि तोंड वाकडं केलं. बूड काळंठिक्कर होतं. वीस वर्षांपूर्वी ते जळून भोक पडलं होतं, तेव्हा करुप्पायीने जत्रेत कासाराकडून नवं बूड बसवून घेतलं होतं. बाकीची चार कोठीतून जशीच्या तशी, मधाच्या रंगाची, आणि हे पोचे पडलेलं, डागलेलं.

"काय दशा केलीस गं सोन्यासारख्या वस्तूची?" तो म्हणाला. "वापरायला मिळालं होतं काय तुला?"

"हो," ती म्हणाली. "वापरायलाच मिळालं होतं."

हॉटेलवाला आला. त्याने पाचवं हातात घेतलं, बूड बघितलं आणि बाजूला ठेवलं. याने बाकीच्यांची शोभा जाते, म्हणाला. चारच नेली, चारच्याच भावात. ज्याच्यासाठी एका बाईचं नाव गल्लीत नासलं होतं, ते कुणालाच नको झालं.

करुप्पायीच्या मनात आशा उगवली. दुसऱ्या दिवशी ती गल्ल्यासमोर उभी राहिली. "मुदलाळी," ती मालकाला म्हणाली, "बूड बदललेलं भांडं. मोडीत द्याल ना? पावणेदोन किलो भरेल. किलोला दोनशेच्या हिशेबाने साडेतीनशे मी देते."

चेल्लैया हसला. "मोडीत? अक्का, तूच सांगितलंस ना सगळ्यांसमोर, आचींच्या स्त्रीधनातलं म्हणून? म्हणजे अडतीस सालचं. दातेरी जोड आहे, अक्षरं अस्सल आहेत. बूड सोडलं तर चार हजाराला मरण नाही."

"मला चार हजार?"

"सगळ्यांना चार हजार. तुला म्हणून वेगळा भाव लावला तर माझी अब्रू काय राहील?"

तपेलं पुढच्या फळीवर लागलं. पडवीतून ते दिसायचं. दोन आठवडे करुप्पायी ते बघत माल निवडत होती.

मग एक जोडपं आलं, बंगळूरचंच. बाईंना बाल्कनीत रोप लावायला काहीतरी जुनं हवं होतं. त्यांनी नेमकं तेच उचललं. चेल्लैयाने सवयीने पडवीकडे हाक मारली, "करुप्पायी, सांग बरं ताईंना, किती जुनं आहे."

हीच त्याची युक्ती होती. दुकानदाराच्या शब्दावर गिऱ्हाईक विश्वास ठेवत नाही, म्हातारीच्या शब्दावर ठेवतं. आणि म्हातारी आजवर एकदाही खोटं बोलली नव्हती.

ती आली. तपेलं तिने हातात घेतलं, पोटात हात फिरवला, पोरीची पाठ चोळावी तसा.

"बूड नवं आहे, बाई," ती म्हणाली. "हे बघा, पितळेचा रंग वेगळा. अंगही काही जुनं नाही, असेल पंचवीस-तीस वर्षांचं. अक्षरं मागाहून ठोकलीत. असली अक्षरं इथे कुणीही दहा रुपयांत ठोकून देतं."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने चेल्लैयाकडे पाहिलं. दोघं नम्रपणे हसून पुढच्या दुकानात गेली.

करुप्पायीने तपेलं फळीवर ठेवलं आणि ती पडवीत परतली. आत कुठेतरी हलकं वाटत होतं. आता भाव पडला. आता तरी हा देईल.

चेल्लैया ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो गल्ल्यावरून उठला, फळीवरची किंमत लिहिलेली चिठ्ठी फाडली आणि तपेलं घेऊन पडवीत आला.

"नवं आहे म्हणालीस."

"हो."

"अक्षरं खोटी."

तिने कनवटीची पुरचुंडी सोडली. साडेतीनशे रुपये त्यात दोन आठवडे तयार होते. "मोडीच्या भावाने द्या, मुदलाळी."

"मोडीचं सुटं विकत नाही आपण. पोत्यातून वितळायला जातं. तू ज्याला मोड म्हणतेस, ते कोण चेपतं इथे?"

हातोडा तिच्या जागेशेजारीच होता.

"की खोटं बोललीस?" तो म्हणाला. "तसं सांग. परत फळीवर ठेवतो. मग उद्यापासून या रस्त्यावर तुझ्या शब्दाला कोण विचारतं ते बघू. आधी भांडं चोरलं, मग गिऱ्हाइकाला फसवलं."

करुप्पायीने तपेल्याकडे पाहिलं. फळीवर ठेवलं तर आज ना उद्या ते कुणाच्या तरी बाल्कनीत जाणार, मातीने भरणार. चेपलं तर संपणार. तिला त्या क्षणी संपणंच बरं वाटलं, आणि चेल्लैयाचा तिला इतका संताप आला होता की त्याच्या हातात ते आणखी एक दिवस राहणं तिला सोसवेना. तिने तपेलं दगडावर आडवं केलं आणि हातोडा उचलला.

पहिल्या घावाने ते नुसतं वाजलं. दुसऱ्याने पोचा पडला. तिसऱ्याला हातोडा तिच्याच हातातून उसळला. नव्या यंत्राच्या पत्र्याचं भांडं दोन घावांत पापडासारखं बसतं. हे हाताने ठोकलेलं, जाड, कुंभकोणमच्या माणसाने घडवलेलं होतं, आणि ते दबत नव्हतं. ती गुडघ्यांवर उठली, दोन्ही हातांनी मारू लागली. पाचव्या घावाला कड दुमडली. नवव्याला दातेरी जोड उसवला आणि आतले दात एकेक उघडे पडले.

चेल्लैया दाराला टेकून उभा होता.

"मोजतोय मी," तो म्हणाला. "पंचवीस वर्षांचं भांडं इतके घाव खात नाही, अक्का."

तिने मान वर केली नाही. अजून तपेल्याचं तोंड उघडं होतं, ते पोत्यात गेलं नसतं. ती मारत राहिली.