रुपचंदशेठचा ठसा आणि धुळ्याहून आलेला फोटो

जळगावच्या सराफ बाजाराच्या मागल्या बोळात सत्तारमियाँचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक खिडकी, खिडकीशी एक पाट आणि पाटावर सत्तार. तो पोलादाच्या बोटभर कांडीवर उलटी अक्षरं कोरायचा. सोनार ती कांडी दागिन्यावर धरून हातोडीचा एक टोला मारत आणि सोन्यावर सुलटं नाव उठायचं. आयुष्यभर उलटं कोरून त्याला सुलटं लिहायचा कंटाळा आला होता. बायकोला, खातूनला, किराण्याची यादीसुद्धा तो तोंडीच सांगायचा.

छप्पन सालच्या उन्हाळ्यात रुपचंदशेठ स्वतः त्या बोळात आले. एरवी ते माणूस पाठवत. त्यांच्या पेढीचं सोनं म्हणजे बावीस कॅरेट, चोविसातले बावीस भाग शुद्ध, अशी ख्याती होती. ती ख्याती त्यांनी ठशातून मिळवली होती. प्रत्येक दागिन्याच्या आतल्या अंगाला आंब्याच्या कोयरीत 'रु' आणि शेजारी '२२'. हा ठसा पंचेचाळीस साली सत्तारनेच कोरला होता.

शेठनी खिशातून पाकीट काढलं आणि त्यातून एक फोटो. वहीच्या पानाएवढा, मोठा करून छापलेला. पाटलीचा आतला भाग, मधोमध कोयरी, 'रु' आणि '२२'.

"धुळ्याच्या कुंदाबाईनं पाठवलाय," शेठ म्हणाले. "आमच्याकडून पाटल्या नेल्या होत्या. आता मोहनमाळ करायची म्हणून तिथल्या सराफाकडे दिल्या, तर त्यानं कसोटीवर घासून परत केल्या. सोनं निम्म्यालाही जेमतेम. बाई पाटल्या हातातून सोडत नाही, म्हणून फोटो. मी उलट टपाली कळवून टाकलं, ठसा आमचा नव्हे, कुणीतरी नक्कल केलीय. तुम्ही तेवढं कागदावर लिहून द्या. ठसा तुमच्या हातचा, तुमचा शब्द चालेल."

"बघतो," सत्तार म्हणाला.

"बघायचं काय त्यात? लिहायचंय."

सत्तारने भिंग डोळ्याला लावलं आणि मागच्या फळीवरची वही उघडली. ठसा तयार झाला की तो दिव्याच्या ज्योतीत धरायचा, काजळी चढवायची आणि कागदावर हलकेच टेकवायचा. असे तीस वर्षांचे काजळीचे ठसे त्या वहीत होते. शेठचं पान काढून त्याने फोटो शेजारी ठेवला. कोयरीचं टोक जुळलं. '२२'मधलं अंतर जुळलं. मग त्याची नजर 'रु'च्या उकारावर गेली आणि तिथेच थांबली.

उकाराच्या शेपटीला केसाएवढी एक जास्तीची रेघ होती. कोरताना हात घसरला होता त्याचा. अकरा वर्षांपूर्वी ती चूक त्याने शेठना सांगितली नव्हती आणि शेठना दिसली नव्हती. वहीत ती रेघ होती. फोटोतही होती.

नक्कल म्हणून सांगावं तर शेठ खूश, आपली चूकही झाकलेली. सत्तारने भिंग खाली ठेवलं.

"शेठ, ठसा तुमचाच आहे."

"काय बोलता?"

"नक्कल करणारा अक्षर उचलतो, चूक उचलत नाही. ही रेघ माझी चूक आहे. तेव्हा बोललो नाही, माफी असावी."

शेठना चूक कळायला वेळ लागला. कळल्यावर राग कशाचा धरावा तेच सुचेना. अकरा वर्षं ज्या ठशाची शपथ घेतली तो सदोष निघाला, आणि तो सदोष होता म्हणूनच खरा ठरत होता.

"म्हणजे मी खोटा?" ते म्हणाले.

"तसं कुठं म्हटलं? ठसा इतकंच सांगतो की हे कोण बोललं. खरं बोललं का, ते कसोटी सांगते. विलायतेत दागिना घडवणारा वेगळा आणि बाविसाचा शिक्का मारणारी कचेरी वेगळी. आपल्याकडे आपली वरात आपल्याच ढोलावर."

शेठ फोटो उचलायला गेले, पण सत्तारने तो खिडकीकडे तिरपा धरून पुन्हा भिंग लावलं. फोटोवाल्याने पाटलीवर बाजूने उजेड घेतला होता. कोयरी आणि '२२' यांच्या भोवती बारीक चौकट दिसत होती, फिकट, हरभऱ्याच्या डाळीएवढ्या तुकड्याची.

"ही बघा डागाची, सोन्याच्या जोडाची रेघ. तुमच्या जुन्या पाटलीतून ठशाचा तुकडा कापून दुसऱ्या, हलक्या सोन्याच्या पाटलीत बसवलाय, सांधा डाग देऊन घासलाय. पिवळ्यावर पिवळं, डोळ्याला दिसलं नसतं. फोटोनं रंग खाल्ला आणि रेघ ठेवली."

आता शेठना वाचवायला ठसा खराच असायला हवा होता, आणि ठसा खोटा असल्याचं स्वहस्ते लिहिलेलं पत्र धुळ्यात पोचलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं एस.टी.ने धुळ्याला गेले. दारात शेठना पाहून कुंदाबाई आत वळली आणि पाटल्या घेऊनच बाहेर आली. तिचा नवरा तोताराम जिनिंग मिलमध्ये कारकून. तो घरीच होता. ओटीवर रेडिओ चालू होता आणि तो ऐकायला शेजारची चार माणसं बसली होती.

"हाई मनी वस्तू शे," कुंदाबाई पाटल्या छातीशी धरून म्हणाली, "आणि नाव तुमचं शे. पत्रात नाही म्हणतात, मग दारात कशाला आलात?"

शेठनी कसोटीचा दगड काढला. पाटलीच्या अंगावरून एक रेघ ओढली, ठशाच्या तुकड्याच्या कडेवरून दुसरी. दोन्हींवर तेजाबाचा थेंब फिरवला. पहिली रेघ हिरवट होऊन विरली. दुसरी जशीच्या तशी पिवळी राहिली.

"अक्का," सत्तारने विचारलं, "घेतल्यापासून या पाटल्या कुणाच्या हाती गेल्या होत्या?"

"कुणाच्या जाणार? दोन वर्षांमागे यांनी उजळायला नेल्या होत्या, तेवढंच. नव्यासारख्या करून आणल्या."

तोतारामने रेडिओचा आवाज वाढवला. बाजारभाव लागले होते, कपाशीचे.

कुंदाबाईने नवऱ्याकडे पाहिलं, मग रेडिओकडे. रेडिओही दोन वर्षांचाच होता. मिलमध्ये बक्षीस मिळालं म्हणून तोतारामने आणला होता. तिने रेडिओला हळदकुंकू वाहिलं होतं, त्याच्यासाठी क्रोशाची झालर विणली होती आणि ऐकायला येणाऱ्यांना दोन वर्षं चहा पाजला होता.

ती उठली आणि रेडिओ बंद केला. ऐकायला बसलेली माणसं न सांगता चपला घालू लागली.

"बाई, माझ्या पत्राचं..." शेठ म्हणाले.

"तुमचं पत्र मी चुलीत घातलं समजा," ती म्हणाली. "एक करा शेठ, हा रेडिओचा पेटाराही जळगावला न्या, विका आणि जेवढं येईल तेवढं सोनं करा. ठसा मात्र दोन जागी मारा."

पेटारा एस.टी.च्या टपावर तोतारामनेच चढवून दिला.

जळगावला आल्यावर शेठनी नवा ठसा कोरायला सांगितला. सत्तारने कोरायला घेतला, तर शेठ म्हणाले, "शेपटीची रेघ राहू द्या." आता ती जाणून कोरायची होती. सत्तारचे तीन ठसे वाया गेले, कारण मुद्दाम चुकायला हात तयार होईना.

ही गोष्ट जामनेर, एदलाबादपर्यंत गेली, पण जाता जाता तिच्यातला दगड गळाला, तेजाब गळालं आणि फोटो तेवढा उरला. लोक दागिन्यांचे फोटो टपालाने पाठवू लागले. सोबत एकच प्रश्न: सोनं किती कॅरेट? सत्तार प्रत्येकाला सांगायचा, फोटोवरून ठसा वाचता येतो, सोनं नाही. दागिना घेऊन कसोटीवर जा. लोकांना वाटायचं, मियाँना कळतं सगळं, सांगत नाहीत. एका बाईने तर नथ घातलेल्या आपल्या सासूचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, नथीचं नाही सांगितलं तरी चालेल, म्हातारी खरी आहे का तेवढं कळवा.