मोजली कुणी?

निजामाच्या राज्याची ती शेवटची काही वर्षं. हिंगोलीजवळच्या सरकारी शेतीफार्मवर मी हंगामी मदतनीस होतो. बियाण्याला गंधक चोळलं तर ज्वारीची काणी, म्हणजे दाण्यात काळी भुकटी भरणारा रोग, किती कमी होते याचा प्रयोग माझ्याकडे होता. अहवाल साहेबांना पटला तर नोकरी कायम होणार होती. मी मुळातच उतावळा. पानभर लिहिलं की चार चकरा मारायचो.

साहेबांची ताकीद होती, "शास्त्रात 'मी' नसतो." अहवाल इंग्रजीत होता, पण मराठीत सांगायचं तर गंधक चोळण्यात आलं, पेरणी करण्यात आली, काणीची कणसं मोजण्यात आली. सगळं जणू भुताटकीनंच झालं होतं.

दुसऱ्या दिवशीच्या टपालानं अहवाल साहेबांच्या कचेरीत जायचा होता. फार्मवरच्या म्हाताऱ्या मुकादमांनी वाचून दाखवायला सांगितलं. मी मराठीत सांगत गेलो.

"मोजण्यात आली म्हंजी? कुनी मोजली?"

"आपणच की."

"गंधकाचे वाफे तुमी मोजले, बिनगंधकाचे म्या. ते काहून न्हाई लिवलं?"

मी वैतागलो. "पेरलं कुणी तेही लिहिलेलं नाही."

"गंधक कुनी बी चोळो, मडक्यात घालून तेवढंच हलवायचं. पेरनी बी बराबर मापानं झाली. तिथं मानसाचं काय काम? पन मोजनी डोळ्याची हाय. एकादाच दाना काळा आसला तर ते कनीस तुमी कशात धरलं?"

"चांगल्यात."

"म्या काणीत धरलं."

गंधकाचा जो मोठा गुण मी लिहिला होता, त्यातला किती गंधकाचा आणि किती माझ्या डोळ्यांचा? मुकादमांचा रागही आला, खोटं कशाला बोलू.

वाफ्यावार पेंढ्या खळ्यावर अजून बांधलेल्या होत्या, तेवढं नशीब. टपाल चुकवलं. एकही काळा दाणा दिसला तर काणीच, असं ठरवून दोघांनी मिळून सगळी कणसं पुन्हा मोजली. गंधकाचा गुण उरला, पण निम्माही नाही. गंधक आणि पेरणीची वाक्यं मी तशीच ठेवली. एकच बदललं : 'आधी गंधकाचे वाफे मी आणि बिनगंधकाचे मुकादमांनी, असे वेगवेगळ्या निकषांनी मोजले होते, म्हणून आम्ही दोघांनी एकाच निकषानं पुन्हा मोजले.'

साहेबांनी बोलावून घेतलं. ते वाक्य त्यांनी दोनदा वाचलं, पण खोडलं नाही. फरक कसा ध्यानात आला ते विचारलं, मी मुकादमांचं सांगितलं.

"मुकादम बोलले नसते, तर पहिला अहवाल तसाच पाठवला असता?"

सांगायला सबबी पुष्कळ होत्या. "पाठवला असता," मी म्हणालो.

त्यांनी अहवाल पुढे धाडला आणि मला आणखी एक वर्ष हंगामीच ठेवलं.