पोट फुगण्याचा मावशीचा हिशेब

माझी मावशी कारखान्याच्या कँटीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण. एकशेवीस माणसांचं जेवण, आणि जेवून ती माणसं पुन्हा बंद शेडमध्ये जाणार. त्यामुळे डाळ नि घेवडा यांच्याशी तिचं वैर नव्हतं, पण दोघांवर करडी नजर होती. घेवडा रात्रभर भिजायचा, पाणी फेकलं जायचं, मग नव्या पाण्यात शिजायचा.

नवीन मदतनीस भिजवणीचं पाणी शिजवायला तसंच ठेवायला निघाली की मावशी कमरेवर हात ठेवून सुरू व्हायची. "अगं बये, त्या पाण्यात साखर उतरलीय! चहातली नव्हे. ही साखर तोडायचं अवजारच आपल्या पोटात नाही. लहान आतड्यातून ती सुखरूप पुढे सरकते नि मोठ्या आतड्यात पोचते. तिथे जंतू ताट मांडून बसलेत. ते ती आंबवतात, पीठ आंबतं तशी. बुडबुडे कुठे जाणार? मशीनच्या आवाजात लपून बसतात, एवढंच!" कोबीचं विचारलं की नाक मुरडायची. "त्यातही तसलंच न पचणारं असतं, वर गंधक. वासाचा मान त्याचा."

हे तिला कारखान्याच्या डॉक्टरांनी शिकवलं होतं आणि ते बरोबरच होतं. घोळ पुढे झाला.

मावशीचा नवरा, म्हणजे आमचे काका, शिंपी. घरातच मशीन. त्यांचं पोट फुगायला लागलं तेव्हा मावशीने एका क्षणात निकाल दिला. "मसूर बंद. घेवडा बंद. कोबीचं नाव काढायचं नाही." काका म्हणाले, "जज्जसाहेब, अपील?" "फेटाळलं."

तीन आठवडे घरात भात, दूध, दुधी. पोट तसंच. सकाळीही तसंच. स्वतःच्या पँटची कंबर काकांनी दोनदा वाढवली, आणि त्याच आठवड्यात शर्टाच्या बाह्या आवळल्या. हातातला टेप म्हणत होता, माणूस एकीकडे फुगतोय, दुसरीकडे झिजतोय. त्यांनी ते मावशीला सांगितलंच नाही, उगाच घाबरेल म्हणून.

मावशीने मात्र वेगळाच शोध लावला. आयुष्यभर तिचा उपाय कधी चुकला नव्हता. म्हणजे चोरी होत असणार. "टपरीवर जाताय ना रोज? काय हाणताय तिथे? चणे की वाटाणे?"

"चहा पितो गं."

"चहानं असं होतं? मला शिकवू नका. एकशेवीस पोटं सांभाळते मी!"

महिनाभर हेच. काका हसून सोडून द्यायचे, मग हसणंही सोडलं. टपरीवर जाणंही बंद झालं. तरी पोट उतरेना. पायांना सूज आली तेव्हा मावशी त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. तिथेही दारातूनच सुरू, "डॉक्टर, गॅस आहे, चोरून खातात."

डॉक्टरबाईंनी काकांना आडवं झोपवलं. पोटावर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने टकटक केली. मधे पोकळ आवाज, कडेला ठस्स. काकांना कुशीवर वळवलं. वरच्या कडेचा ठस्स पोकळ झाला.

"मावशी, गॅस जेवणानंतर काही तासांनी येतो नि जातो. हे फुगणं जात नाहीये. हे पाणी आहे. यकृत थकलंय."

"पण मी सगळी डाळ बंद केली होती," मावशी म्हणाली. तिचा आवाज कँटीनमधला नव्हता.

पाणी काढलं, पुन्हा साठलं. बाहेरच्या बाकावर तिने डॉक्टरबाईंना गाठलं. "दोन महिने आधी आणलं असतं तर?"

"त्रास लवकर कमी करता आला असता. यकृत तेव्हाही बरंच गेलेलं असणार. नक्की नाही सांगता येत." धीर देण्यासाठी त्या खोटं बोलल्या नाहीत. मावशीला ते खोटं हवं होतं.

घरी आल्यावर काकांना घेवडा खावासा वाटला. डॉक्टरबाई म्हणाल्या, मीठ कमी घालून द्या. मावशीने तो मऊ शिजवला. काकांनी चारच चमचे खाल्ले. तिसऱ्या प्रहरी खोलीत एक आवाज झाला, लांब, अगदी निर्लज्ज. मग काका म्हणाले, "हा बघ, तुझ्या घेवड्याचा. आला नि गेला."

मावशी हसली, आणि मग तिला आवरेना. पदर तोंडावर धरून तिने विचारलं, "खरं सांगा. टपरीवर चहाच प्यायचात ना?"

"चहाच गं. कधीतरी बिस्कीट."

"मला आधी का नाही बजावून सांगितलंत?"

"सांगत तर होतो," काका म्हणाले.

नऊ दिवसांनी ते गेले. भेटायला आलेल्या प्रत्येकीला मावशी तेच सांगते. तब्येतीचं काही नाही, फक्त एवढंच, की ते रोज चहाच पीत होते.